गट कोणता आणि गार्ड कोणते? : स्केटिंगच्या पालकांशी थोडे बोलणे



दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या बेळगावात रोलर स्केटिंगच्या स्पर्धांचा मोसम सुरू होतो. शाळेच्या सूचनाफलकावर परिपत्रक लागते आणि दुसऱ्या दिवसापासून फाटकाबाहेर पालकांची चर्चा रंगते. "क्वाडमध्ये घालू की इनलाइनमध्ये?" "सातवाल्यात बसेल की नऊवाल्यात?" "नी गार्ड लागतातच का हो?" गेली काही वर्षे मी अशा स्पर्धांत नावनोंदणीच्या टेबलावर मदतीला बसतो. तेथे जे पाहिले आणि आमच्या घरी जे घडले, त्यावरून माझे एक मत बनले आहे. नियमात बसते म्हणून मुलाला वरच्या गटात ढकलू नये आणि नियमात सक्ती नाही म्हणून गार्ड काढू नयेत. असे का म्हणतो, ते सांगतो.

प्रथम गटांविषयी. लहान मुलांच्या शर्यतीत गट दोन प्रकारांनी ठरतो. एक पायातल्या स्केटवरून आणि दुसरा जन्मतारखेवरून.

पुढे दोन आणि मागे दोन अशी चार चाके असतात, ते क्वाड. एका ओळीत चाके असतात, ते इनलाइन. इनलाइनमध्येही दोन प्रकार आहेत. बाजारात सहज मिळतात ते उंच बुटाचे, घोट्याला आधार देणारे, बहुधा टाचेमागे रबरी ब्रेक असलेले स्केट. स्पर्धेत यांना 'फॅन्सी इनलाइन' म्हणतात. दुसरे 'प्रोफेशनल' किंवा 'स्पीड' इनलाइन. यांचा बूट घोट्याखालीच संपतो, खाली ॲल्युमिनियमची लांब पट्टी असते, चाके मोठी असतात आणि ब्रेक नसतो. हे दोघे एका शर्यतीत धावत नाहीत. फॅन्सी घेऊन आलेल्याला प्रोफेशनलमध्ये उभे करणे जसे चुकीचे, तसेच प्रोफेशनल घालून फॅन्सीच्या रांगेत शिरणेही चुकीचे. पंच चाके पाहतात आणि बाहेर काढतात.

वयाच्या गटात सर्वाधिक गोंधळ होतो. परिपत्रकात साधारणपणे 5 ते 7, 7 ते 9, 9 ते 11, 11 ते 14 असे गट छापलेले असतात. आठ वर्षांच्या मुलाचे पालक निश्चिंत असतात, नऊच्या मुलाचे पालक गोंधळतात, कारण 9 हा आकडा दोन्ही गटांत दिसतो. '7 ते 9' याचा अर्थ सात पूर्ण झाली आहेत, पण नऊ पूर्ण झालेली नाहीत. आणि हे वय शर्यतीच्या दिवशी मोजत नाहीत. परिपत्रकात जी तारीख दिलेली असते, त्या तारखेला मोजतात.

एक उदाहरण घेऊ. दोन चुलत बहिणी आहेत. थोरलीचा जन्म 29 डिसेंबर 2016 चा, धाकटीचा 3 जानेवारी 2017 चा. अंतर फक्त पाच दिवसांचे. समजा, नोव्हेंबर 2025 मध्ये स्पर्धा आहे आणि परिपत्रकात वय 1 जानेवारी 2026 रोजी मोजावे असे लिहिले आहे. त्या दिवशी थोरलीला नऊ पूर्ण झालेली असतील, म्हणून ती 9 ते 11 मध्ये जाईल. धाकटीला दोन दिवस कमी पडतील, म्हणून ती 7 ते 9 मध्येच राहील. शर्यतीच्या दिवशी दोघी आठच वर्षांच्या असतात, तरी गट वेगळे. आता तीच तारीख 1 जुलै 2025 असती, तर दोघी एकाच गटात आल्या असत्या. शालेय क्रीडा स्पर्धांत तर '14 वर्षांखालील', '17 वर्षांखालील' असे वेगळेच गट असतात. म्हणून गेल्या वर्षीच्या गटावर किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. हातातल्या परिपत्रकातील तारीख शोधा आणि बोटे मोजा.

जन्मदाखला मूळ प्रत घेऊन या. आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना सोयीसाठी 1 जून ही जन्मतारीख लावून टाकायची पद्धत होती. आज ती चालत नाही. आपल्याकडे आणखी एक अडचण हमखास येते. महानगरपालिकेच्या दाखल्यावरील नाव, आधार कार्डावरील नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधील नाव यांची अक्षरे जुळत नाहीत. कुठे वडिलांचे नाव मधे, कुठे आडनाव आधी. स्पर्धेच्या सकाळी टेबलावर हे दुरुस्त करता येत नाही. जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हाच ते पाहून घ्यावे.

आता घरची गोष्ट. माझा मुलगा तिसरीत असताना फॅन्सी इनलाइनवर छान पळत असे. दोन पदके मिळाली आणि मला वाटले, हा आता प्रोफेशनलला तयार झाला. मी पुण्याहून स्पीड स्केट आणले. किंमत बरीच होती, म्हणून 'पुढच्या वर्षीही होतील' असा हिशेब करून दीड नंबर मोठे घेतले आणि आत जाड मोजे घातले. तीन आठवड्यांच्या सरावावर त्याला प्रोफेशनल गटात उभे केले. त्या गटाला रिस्ट गार्डची सक्ती नव्हती. "बाबा, कुणीच घालत नाही," असे तो म्हणाला आणि मीही हो म्हटले. दुसऱ्या राऊंडला वळणावर पुढचा मुलगा किंचित थांबला. माझ्या मुलाचा पाय सवयीने टाचेच्या ब्रेककडे गेला. ब्रेक नव्हताच. तो पुढे हात टेकून पडला. डाव्या मनगटाचे हाड मोडले आणि चार आठवडे प्लास्टर राहिले.

यात दोष संयोजकांचा नव्हता, मुलाचा तर नाहीच. गट बदलला म्हणजे काय बदलते, हे मला कळले नव्हते. घोट्याचा आधार जातो, ब्रेक जातो आणि वेग वाढतो. तिन्ही एकाच दिवशी. म्हणून स्केट विकत घेण्याआधी मुलाच्या पायाकडे पाहायला हवे. तो पळत असताना मागून पाहा. बूट आतल्या बाजूला कलंडत असतील, तर घोटा अजून कच्चा आहे. चाके काढून पाहा. सगळी चाके आतल्याच कडेला झिजली असतील, तर तेच सांगतात. रिंकवर खडूने रेघ मारा आणि वेगात येऊन ब्रेक न वापरता, पाय फाकवून व टाचा बाहेर ढकलून त्या रेघेआत थांबायला सांगा. शर्यतीत सगळी वळणे डावीकडेच असतात. त्या वळणावर उजवा पाय डाव्यावरून सहज टाकता येतो का, तेही पाहा. हे जमेपर्यंत मूल फॅन्सीत किंवा क्वाडमध्येच राहू द्यावे. आणि स्पीड स्केट मापाचाच घ्यावा. सैल बुटात पाय फिरतो आणि चाके त्याच्या मागून फिरतात.

आता गार्ड. हेल्मेटची सक्ती सगळ्याच स्पर्धांत असते, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ते कसे घालावे याचा. भुवयांच्या वर दोन बोटे अंतर ठेवून हेल्मेट सरळ बसले पाहिजे. मागे ढकललेले हेल्मेट कपाळ उघडे टाकते. पट्टा कानाच्या खाली मिळावा आणि हनुवटीखाली एखादे बोटच जावे. मुलाला मान जोरात हलवायला सांगा. हेल्मेट फिरले तर मोठे आहे. थोरल्या भावाच्या हेल्मेटमध्ये रुमाल कोंबून आणलेली मुले मी दरवर्षी पाहतो. त्या हेल्मेटचा उपयोग फक्त पंचांना दाखवण्यापुरता असतो. आतला थर्मोकोलसारखा थर एकदाच दबतो, पुन्हा फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेले हेल्मेट वरून ठीक दिसले तरी बदलावे.

गुडघा, कोपर आणि मनगट यांच्या गार्डबाबत स्पर्धेगणिक नियम वेगळे असतात. कुठे लहान गटांना सक्ती, कुठे केवळ शिफारस. येथे मुले हुशारीने वाद घालतात. ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझौच्या आशियाई खेळांत भारताच्या पुरुष आणि महिला संघांनी 3000 मीटर रिलेत कांस्यपदके जिंकली. त्या खेळाडूंच्या अंगावर हेल्मेट आणि घट्ट सूट होता, गुडघ्याला काही नव्हते. मग आम्हालाच का? याचे उत्तर सरळ आहे. ते खेळाडू वर्षानुवर्षे पडून, पडावे कसे हे शिकलेले असतात. आपला तिसरीतला मुलगा पडताना हातच पुढे करतो. सगळी मुले तेच करतात. म्हणून या खेळात मनगट सर्वात जास्त दुखावते. 1996 मध्ये अमेरिकेत इनलाइन स्केटिंगच्या जखमींचा एक वैद्यकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रिस्ट गार्ड न घालणाऱ्यांना मनगटाच्या दुखापतीचा धोका सुमारे दहापट आढळला होता. गार्डमधली तळहातावरची कडक पट्टी जमिनीवर घसरते, त्यामुळे हात तेथेच अडकून मनगट मागे दुमडत नाही. सगळ्यात आधी हेच गार्ड काढले जातात, कारण ते घालून बुटाचे बंद बांधता येत नाहीत. उपाय सोपा आहे. आधी गुडघा आणि कोपर, मग स्केट, मग हेल्मेट आणि शेवटी मनगट. कोणतेही गार्ड बांधल्यावर हाताने ओढून पाहावे. ते खाली सरकले, तर पडतानाही सरकणार.

विश्वस्त मंडळाला माझी एक विनंती आहे. बाहेरच्या स्पर्धेचे नियम आपल्या हाती नाहीत, पण शाळेच्या पटांगणावरचा सराव आणि आपली वार्षिक शर्यत आपल्या हाती आहे. चौथीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला हेल्मेटसह तिन्ही गार्डची सक्ती करावी. ज्यांना घेणे जमत नाही, त्यांच्यासाठी दहा-बारा संच शाळेने ठेवावेत. गार्डमुळे वेग कमी होतो असे काही पालक म्हणतील. थोडा होतही असेल. पण सगळ्यांनीच घातले, तर कुणाचेच पदक जात नाही.

माझ्या मुलाचे मनगट जुळले. तो पुन्हा एक वर्ष फॅन्सी गटात धावला. त्या वर्षी पदक मिळाले नाही, पण रेघेआत थांबायला मात्र शिकला. पुढच्या वर्षी मापाचे स्केट घालून तो स्वतःच्या पायाने प्रोफेशनलच्या रांगेत गेला. आता रिस्ट गार्ड बांधताना तो माझ्यापुढे हात धरतो आणि म्हणतो, "बाबा, ओढून बघा."