बलक गोठवताना साखरेचा हिशेब

डिसेंबरात गोव्याच्या आणि कोकणपट्टीच्या बेकऱ्यांमध्ये बेबिंकेसाठी बलक कमी पडतात, तर मेरिंग आणि मॅकरॉन करणाऱ्यांकडे उरलेले बलक बादलीत जातात. दोन्ही गरजा एकाच आठवड्यात क्वचितच येतात, म्हणून मधला काळ फ्रीझरने भरून काढायचा. पांढऱ्याच्या बाबतीत ते सोपं असतं, बलकाच्या बाबतीत नाही.

नुसता बलक उणे सहा अंशांच्या खाली गेला की त्यातलं पाणी बर्फ होऊन बाजूला होतं आणि चरबी वाहणारी प्रथिनं एकमेकांना चिकटतात. वितळल्यावर हाती येतो तो चिकट, घट्ट गोळा. मग तो कितीही फेटा, पूर्वीसारखा होत नाही. साखर किंवा मीठ आधी मिसळलं तर हे बरंच टळतं.

आमचा आग्रह साध्या मापाचा आहे: ९०० ग्रॅम बलकाला १०० ग्रॅम साखर. पिठीसाखर नको, तिच्यात बहुधा स्टार्च असतो. फेस न आणता हलक्या हाताने ढवळा, साखर पूर्ण विरघळू द्या, चाळणीतून गाळा आणि अर्ध्या किलोच्या चपट्या पिशव्या भरून उणे अठराला ठेवा. पिशवीवर तारीख, वजन आणि ‘साखर १० टक्के’ लिहाच, कारण खरी चूक वापरताना होते. कृतीत ४५० ग्रॅम बलक असेल तर ही ५०० ग्रॅमची एक पिशवी घ्यायची आणि कृतीतल्या साखरेतून ५० ग्रॅम वजा करायचे. हे विसरलं की बेबिंकेचे थर लवकर काळवंडतात, आणि दोष ओव्हनला लागतो. खारट पदार्थांसाठी बलक साखरेऐवजी मिठात ठेवावा. त्या पिशव्या वेगळ्या कप्प्यात ठेवा.

वितळवायचं ते फ्रीजमध्येच, आदल्या रात्री. घाई असेल तर बंद पिशवी थंड पाण्यात बुडवा. भट्टीशेजारच्या टेबलावर मात्र नको: गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही, आणि उबेत तो वाढतो. वितळलेला माल पुन्हा गोठवू नका, लवकर वापरा आणि नीट शिजेल अशाच पदार्थात वापरा.

बलक थोडा दाट झालेला चालतो. दाणे दिसले तर गाळून पाहा. गोळेच राहिले तर कस्टर्डला नकार द्या, मिक्सरमध्ये फिरवून ब्रेडच्या पिठात खपवा.

अख्खी अंडी फोडून, पांढरा आणि बलक एकजीव करून गोठवावीत. कवचासकट ठेवली तर कवच तडकतं. पांढरा आहे तसाच गोठतो, वितळल्यावर पातळ दिसतो, पण फेस चांगला देतो. अट इतकीच की त्यात बलकाचा थेंबही नसावा आणि फेटण्याआधी त्याची थंडी जाऊ द्यावी.