विश्लेषण : प्रसूती दवाखान्यात झाली, तरी गरीब आईचा धोका का टळत नाही?

जननी सुरक्षा योजनेमागचा विचार सरळ होता. गरीब घरातील बाळंतपणे घरीच होतात आणि त्यात महिला दगावतात, तर त्यांना दवाखान्यात येण्यासाठी पैसे द्या. योजना २००५ मध्ये सुरू झाली आणि पुढे मागास राज्यांतील ग्रामीण महिलांना प्रसूतीमागे १,४०० रुपये मिळू लागले. महिला दवाखान्यात आल्याही. मग प्रश्न सुटला का?

भरत रणदिवे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘सोशल सायन्स अँड मेडिसिन’ या नियतकालिकात याचे उत्तर शोधले. उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश आदी नऊ राज्यांतील जिल्हे त्यांनी तपासले. दवाखान्यातील प्रसूतींबाबत गरीब आणि श्रीमंत भागांतील दरी कमी झाली होती. मातामृत्यू सगळीकडे घटले, पण सर्वांत श्रीमंत भागांत ते सर्वांत गरीब भागांपेक्षा जवळपास चौपट वेगाने घटले. म्हणजे मृत्यूंमधील दरी उलट वाढली.

दरी कशामुळे?

अशा अभ्यासात एखादे कारण दरीला जबाबदार धरायचे, तर दोन गोष्टी जुळाव्या लागतात. त्याचा परिणाम प्रसूतीच्या ठिकाणावर व्हायला हवा आणि ते गरीब-श्रीमंतांत असमान वाटलेले हवे. या कसोटीवर पुरुषांची साक्षरता, सरकारी दवाखान्यांतील तातडीची प्रसूतीसेवा आणि गरिबी या तिघांनी मिळून दवाखान्यातील प्रसूतींबाबतच्या विषमतेचा सुमारे दोन तृतीयांश भाग उलगडला. यात पुरुषांची साक्षरता पाहून अनेकांना आश्चर्य वाटेल. पण गाडी कधी बोलवायची, पैसे कुठून आणायचे, हे बहुतेक घरांत नवरा किंवा सासरा ठरवतो. योजनेचा पैसा मात्र बाईच्या नावावर येतो.

मृत्यूंमधील दरीसाठी प्रसूतीनंतरचा रक्तस्राव पाहावा. उपचार न मिळाल्यास तो साधारण दोन तासांत जीव घेऊ शकतो. रक्तक्षय असलेल्या महिलेला तर कमी रक्त गेले तरी सोसत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात गर्भाशय आकुंचन पावण्याचे इंजेक्शन मिळते. त्याने भागले नाही, तर रक्त आणि शस्त्रक्रिया लागते आणि त्यासाठी मोठ्या रुग्णालयात जावे लागते. जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या महिलेला हे अंतर रिक्षाचे असते, पाड्यावरच्या महिलेचे दोन तास रस्त्यातच जातात. नोंदवहीत मात्र दोघींपुढे ‘संस्थात्मक प्रसूती’ हीच नोंद होते.

सरकारी यशाचे मोजमाप इथेच फसते. किती प्रसूती दवाखान्यात झाल्या, यापेक्षा रक्त आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणापासून त्या किती मिनिटांवर झाल्या, हे मोजायला हवे. अभ्यासालाही एक मर्यादा आहे. त्याची तुलना भागांच्या सरासरीवर उभी आहे, त्यामुळे श्रीमंत जिल्ह्यातील झोपडपट्टीत राहणारी आई त्यात श्रीमंतांतच धरली जाते.