ट्रॅक्शन कंट्रोल आहे, तरी बाइक का घसरते?

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की संगमनेर, कोपरगाव, राहुरी भागातल्या रस्त्यांचे रूप बदलते. ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातला चिखल डांबरावर येतो, वळणांवर पाचट सांडलेले असते. वर्षानुवर्षे शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर याच रस्त्यांनी गेलेला चालक ४०० सीसीची बाइक घ्यायला गेला, की शोरूममध्ये त्याला एक वाक्य हमखास ऐकायला मिळते : ‘ट्रॅक्शन कंट्रोल आहे, गाडी घसरणार नाही.’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे सहसा कोणी सांगत नाही.

सुरुवात मुठीपासून करू. जुन्या गाडीत मूठ पिळली की केबल ओढली जाते आणि इंजिनाला हवा देणारी झडप त्या प्रमाणात उघडते. राइड-बाय-वायरमध्ये हा थेट दुवा नसतो. मूठ किती फिरली हे सेन्सर मोजतो, ईसीयू म्हणजे गाडीचा छोटा संगणक ते वाचतो आणि झडप एका लहान मोटरने उघडली जाते. सुरक्षेसाठी मुठीचे मोजमाप दुहेरी असते. दोन आकडे जुळले नाहीत, तर ईसीयू ताकद कमी करतो आणि डॅशवर दिवा लावतो. अशा वेळी गाडी ओढत नाही म्हणून मूठ आणखी पिळण्यात अर्थ नसतो.

मूठ आणि झडप यांच्यात संगणक आल्यामुळेच राइड मोड शक्य झाले. समजा, मूठ ३० टक्के फिरवली. स्पोर्ट मोडमध्ये झडप त्याहून जास्त उघडेल, रेनमध्ये कमी आणि सावकाश. इंजिन तेच राहते, बदलतो तो मुठीचा हिशेब. काही गाड्यांत मोडबरोबर एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोलची तीव्रताही बदलते. बजाजच्या पल्सर एनएस४००झेडला रोड, रेन, स्पोर्ट आणि ऑफ-रोड असे चार मोड मिळाले. २०२३ मध्ये आलेल्या रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० मध्ये राइड-बाय-वायर आणि मोड होते, ट्रॅक्शन कंट्रोल मात्र नव्हते. उलट यामाहाच्या १५० सीसीच्या एफझेड-एसमध्ये साध्या केबलवर ट्रॅक्शन कंट्रोल आले. म्हणजे एक आहे म्हणून दुसरे असेलच, असे गृहीत धरू नये.

आता उसाच्या रस्त्यावरचे वळण घेऊ. चालक दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना मूठ पिळतो आणि मागचे चाक चिखलावर येते. पुढचे चाक ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने फिरते आहे, मागचे मात्र ४६ च्या. दोन्ही चाकांवरचे एबीएसचे सेन्सर हा फरक ईसीयूला कळवतात. फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की ईसीयू ठिणगी किंवा इंधन कमी करतो, राइड-बाय-वायर असेल तर झडपही मिटतो. मागचे चाक पुन्हा पुढच्याच्या वेगाला येते. चालकाला इंजिन क्षणभर गुदमरल्यासारखे वाटते आणि डॅशवरचा दिवा लुकलुकतो.

या सगळ्यात ईसीयूने फक्त इंजिनाची ओढ कमी केली. टायरला पकड दिली नाही. त्याच वळणात चालकाने मूठ पिळलीच नसती आणि पुढचे चाक पाचटावरून सरकले असते, तर कमी करायला ओढच नव्हती. अशा वेळी ट्रॅक्शन कंट्रोल काहीही करू शकत नाही. गिअर झटक्यात खाली टाकल्याने मागचे चाक घसरले, तरी साधी यंत्रणा तिथेही उपयोगाची नाही. म्हणून वळणात शिरतानाचा वेग आधीसारखा चालकानेच ठरवायचा असतो.

अकोले तालुक्यात भंडारदरा, घाटघरकडच्या एखाद्या कच्च्या चढावर पावसाळ्यात तर नेमके उलटे घडते. चिखलातून वर जायला मागचे चाक थोडे फिरावेच लागते. ट्रॅक्शन कंट्रोल मात्र प्रत्येक वेळी ताकद तोडते आणि गाडी चढावरच थबकते. तिथे ऑफ-रोड मोड निवडावा किंवा सोय असेल तर यंत्रणा बंद करावी. बऱ्याच गाड्यांत चावी बंद करून पुन्हा लावली, की यंत्रणा आपोआप सुरू होते. चहाला थांबून पुढचा चढ घेण्याआधी डॅश पाहिलेला बरा.

दिवा लुकलुकला तर यंत्रणा काम करते आहे, सतत लागून राहिला तर ती बंद आहे किंवा बिघाड आहे. चाकाजवळच्या सेन्सरवर चिखल बसला, किंवा कंपनीने दिलेल्या मापापेक्षा वेगळा टायर घातला, तर वेगांची तुलनाच चुकते. चेन साफ करताना गाडी स्टँडवर घेऊन गिअरमध्ये चालवली, तरी हा दिवा लागू शकतो. मागचे चाक फिरते आणि पुढचे स्थिर असते, म्हणून ईसीयूला ती घसरण किंवा सेन्सरचा बिघाड वाटतो. चावी बंद-चालू करून थोडे अंतर चालवल्यावर दिवा गेला नाही, तरच सर्व्हिस सेंटर गाठावे.