‘आधी’ आणि ‘नंतर’ यांच्यामधले वाक्य



काही वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी एका पत्रकाचे मुद्रित तपासून घेण्यासाठी माझ्याकडे आला. तो दिवसा अक्षरजुळणीच्या केंद्रात काम करी आणि रात्री आपल्यासारखाच पदवीचा अभ्यास करी. पत्रक एका व्यायाम व आहार कार्यक्रमाचे होते. त्यावर एकाच स्त्रीची दोन छायाचित्रे शेजारी शेजारी होती. एकाखाली ‘आधी : सुस्त, निराश’ आणि दुसऱ्याखाली ‘नंतर : चपळ, आत्मविश्वासू’ असे लिहिले होते. दोन्हींच्या खाली ठळक ओळ होती : ‘केवळ ८ आठवड्यांत १८ किलोपर्यंत वजन घटले!’ अगदी तळाशी, डोळे ताणून वाचावी लागेल अशी एक इंग्रजी ओळ होती. तिचा आशय एवढाच, की परिणाम व्यक्तिपरत्वे वेगळे असू शकतात.

मी ‘शारिरीक’चे ‘शारीरिक’ केले, दोन अनुस्वार दिले, एक स्वल्पविराम काढला आणि मुद्रित परत केले. दहा मिनिटांचे काम होते.

पुढे काही महिन्यांनी आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयातील एक लेखनिक बाई बोलता बोलता म्हणाल्या, “सर, नऊ हजार भरले, आठ आठवडे एक दिवसही चुकवला नाही. पण चारच किलो उतरले. माझ्यातच काहीतरी खोट असणार.” कार्यक्रम तोच होता. खोट त्यांच्यात नव्हती. ती मी तपासलेल्या वाक्यात होती, आणि मी तिचे फक्त शुद्धलेखन सुधारले होते.

आपल्यापैकी अनेकजण पुढे मुद्रितशोधन, जाहिरातलेखन, अनुवाद अशी कामे करतील. काहीजण आजही करीत असतील. म्हणून माझे मत आरंभीच स्पष्टपणे मांडतो. चित्रओळीची सत्यता तपासणे हे केवळ वैद्याचे किंवा वकिलाचे काम नाही. ते भाषेच्या अभ्यासकाचेही काम आहे, कारण अशा जाहिरातीतील फसवणूक बहुधा खोट्या शब्दांत नसते. ती गाळलेल्या शब्दांत असते.

ते वाक्य पुन्हा वाचून पाहा : ‘केवळ ८ आठवड्यांत १८ किलोपर्यंत वजन घटले!’ कोणाचे वजन घटले? वाक्यात षष्ठीचे रूपच नाही. वर छायाचित्र असल्यामुळे वाचक ‘या बाईंचे’ असे मनात भरून घेतो. पण तसे लिहिलेले नाही. ‘घटले’ हे अकर्मक क्रियापद आहे. ‘घटवले’ असे म्हटले असते, तर कोणी घटवले हा प्रश्न उभा राहिला असता. ‘घटले’ म्हटले की घटना आपोआप घडल्यासारखी वाटते आणि कर्त्याची जबाबदारी उरत नाही. ‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्यय तर फक्त वरची मर्यादा सांगते. एकाचे अठरा, बाकी सर्वांचे दोन किलो घटले, तरी ‘अठरापर्यंत’ हे विधान तांत्रिकदृष्ट्या खरेच ठरते. वाचकाच्या मनात मात्र अठराचाच आकडा राहतो.

यांहून सूक्ष्म कारागिरी ‘आधी’ आणि ‘नंतर’ या दोन शब्दांची आहे. ही कालवाचक अव्यये आहेत. ती क्रम सांगतात, कारण सांगत नाहीत. कारण सांगायचे तर मराठीत ‘-मुळे’ आहे. पण दोन घटना शेजारी ठेवल्या की ऐकणारा त्यांच्यात कार्यकारणभाव जोडतो. भाषातत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी दाखवून दिले, की बोलणारा आवश्यक तेवढे आणि प्रस्तुत तेच बोलतो असे गृहीत धरून ऐकणारा न बोललेला अर्थ काढतो. जाहिरातदार नेमका या विश्वासाचा उपयोग करतो. ‘कार्यक्रमामुळे’ असे तो लिहीत नाही. ते आपण लिहितो, मनातल्या मनात. म्हणून तपासणीची पहिली पायरी अशी, की ओळीतील गाळलेल्या जागा भरून पूर्ण वाक्य कागदावर लिहावे : ‘छायाचित्रातील स्त्रीचे, या कार्यक्रमामुळे, ८ आठवड्यांत, १८ किलो वजन घटले.’ मग त्यातील प्रत्येक पदासाठी पुरावा मागावा.

आता ‘१८ किलो’ आणि ‘८ आठवडे’ ही दोन पदे घेऊ. एक किलो शरीरचरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० किलोकॅलरी. अठरा किलोंसाठी १,३८,६०० किलोकॅलरी होतात. त्यांना ५६ दिवसांनी भागले, तर रोजची तूट २,४७५ येते. बैठे काम करणाऱ्या अनेक स्त्रियांचा दिवसभराचा एकूण ऊर्जाव्ययच दोन हजारांच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. म्हणजे अशा स्त्रीने दोन महिने अन्नाचा कणही घेतला नाही, तरी हा हिशेब जुळत नाही. या गणिताला मर्यादा आहेत, हे मान्य. फार अधिक वजनाच्या व्यक्तीचा ऊर्जाव्यय अधिक असतो. शिवाय आहार एकदम कमी केला की पहिल्या काही दिवसांत शरीरातील साठवलेली शर्करा आणि तिच्यासोबतचे पाणी उतरते, त्यामुळे काटा वेगाने खाली येतो. पण ती चरबी नव्हे आणि नेहमीचे जेवण सुरू होताच ते पाणी परत येते. म्हणूनच सुरुवातीचे वजन सांगितल्याखेरीज ‘१८ किलो’ या आकड्याला अर्थ प्राप्त होत नाही. पत्रकात ते नव्हते.

हेच गणित त्या लेखनिक बाईंना लावून पाहा. चार किलो, ५६ दिवस. रोजची तूट साधारण ५५० किलोकॅलरी. आठवड्याला अर्धा किलो. आठवड्याला अर्धा ते एक किलो हीच गती सामान्यतः सुरक्षित व टिकाऊ म्हणून सुचवली जाते. म्हणजे बाई यशस्वी झाल्या होत्या. एका खोट्या ओळीने त्यांचे खरे यश अपयश म्हणून त्यांच्या पदरात घातले. अशा जाहिरातीने नऊ हजार रुपये गेले याचे मला वाईट वाटते. पण त्यांच्या तोंडचे ‘माझ्यातच खोट’ हे शब्द मला अधिक टोचतात.

यानंतर छायाचित्रे. मी ते पत्रक नंतर पुन्हा मागवून घेतले. पहिल्या चित्रात प्रकाश समोरून सपाट पडलेला, कपडे सैल, खांदे पडलेले, पोट ढिले सोडलेले. दुसऱ्यात प्रकाश एका बाजूने येणारा, त्यामुळे अंगावर सावल्या आणि उठाव. कपडे गडद व अंगासरशी. श्वास आत घेतलेला. शरीर किंचित तिरके. एवढा फरक एकाच दिवशी, तासाभरातही साधता येतो. म्हणून प्रामाणिक जोडीचित्रात अंतर, प्रकाश, पोशाख आणि उभे राहण्याची ढब सारखी हवी आणि दोन्हींवर दिनांक हवा. चित्रात फेरफार झाला आहे का, हे पाहण्यासाठी शरीराकडे न पाहता पार्श्वभूमीकडे पाहावे. दाराची चौकट किंवा फरशीची रेघ कंबरेजवळ येऊन वाकली असेल, तर कंबर व्यायामाने नव्हे, संगणकावर बारीक झालेली असण्याचा संभव मोठा. या पत्रकात रेघ सरळ होती. पण केस बोलत होते. पहिल्या चित्रात ते कानापर्यंत, दुसऱ्यात खांद्याच्या खाली. डोक्याचे केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. दोन महिन्यांत फार तर अडीच. कृत्रिम केस लावले असतील ही शक्यता सोडली, तर ही दोन छायाचित्रे ८ आठवड्यांच्या अंतराने काढलेली असू शकत नाहीत. हा सिद्धतेचा पुरावा नव्हे. पण दिनांक मागण्याइतका आधार नक्कीच आहे.

आता ‘सुस्त, निराश’ या विशेषणांकडे वळू. वजन काट्यावर दिसते. निराशा छायाचित्रात दिसत नाही. जाड शरीर म्हणजे आळस, सडपातळ शरीर म्हणजे आत्मविश्वास, हे समीकरण कोणी सिद्ध केलेले नसते. ते चित्रओळीच्या आडून विकले जाते. चित्रातील स्त्रीवर आणि तिच्यासारखे शरीर असलेल्या प्रत्येक वाचकावर हा अन्याय आहे. चित्रओळ खरी असणे आणि न्याय्य असणे या दोन कसोट्या आहेत. आकडा बरोबर असूनही ओळ दुसऱ्या कसोटीला उतरत नाही, असे होऊ शकते.

यावर एक आक्षेप हमखास येतो : ‘जाहिरात म्हणजे अतिशयोक्तीच, लोकांना कळते.’ यात काही तथ्य आहे. ‘आमच्यासारखे आम्हीच’ या वाक्याला कोणी पुरावा मागत नाही, मागूही नये. पण ज्या क्षणी वाक्यात किलो आणि आठवडे येतात, त्या क्षणी तो अलंकार उरत नाही, ते विधान होते, आणि विधानाला पुरावा लागतो. दुसरा बचाव तळटिपेचा. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर लपवणेही येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली काढलेली मार्गदर्शक तत्त्वे असे सांगतात, की तळटीप ज्या भाषेत दावा आहे त्याच भाषेत असावी आणि दिशाभूल करणारा दावा दुरुस्त करण्यासाठी तिचा आधार घेऊ नये. मराठीत आश्वासन आणि इंग्रजीत माघार, ही आपल्या पत्रकाची रीत या कसोटीवर टिकत नाही.

मग ओळ कशी असावी? आकडे उदाहरणादाखल घेतो : ‘छायाचित्रातील सहभागी, वय ३४. सुरुवातीचे वजन ८२ किलो, २४ आठवड्यांनंतर ७२ किलो. व्यायामासोबत आहारातही बदल केला. दोन्ही छायाचित्रे सारख्या प्रकाशात. दिनांक चित्रांवर दिले आहेत. या तुकडीत ६० जणांनी नोंदणी केली, ३५ जणांनी कार्यक्रम पूर्ण केला. पूर्ण करणाऱ्यांचे वजन सरासरी ४ किलोंनी घटले.’ ही ओळ कमी चमकदार आहे, हे मला दिसते. पण हिच्यात कर्ता आहे, काळ आहे, आणि किती जणांपैकी किती हेही आहे. ही ओळ त्या लेखनिक बाईंनी आधी वाचली असती, तर काट्यावर चार किलो कमी दिसल्यावर त्या घरी पेढे घेऊन गेल्या असत्या.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी नंतर हे सर्व सांगितले. तो म्हणाला, “सर, ग्राहक म्हणेल, तुझे काम ऱ्हस्व-दीर्घाचे.” म्हणेलही. तेव्हा मुद्रितावर समासात पेन्सिलीने एवढेच लिहावे : ‘कोणाचे? किती जणांपैकी? कोणत्या दिनांकास?’ उत्तर देणे जाहिरातदाराच्या हाती आहे. पण हे प्रश्न न लिहिता मुद्रित परत करणे, जसे मी केले, हे मुद्रितशोधन नव्हे.