टक्के कोणापैकी?

एनसीईआरटीच्या इयत्ता बारावीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात, संभाव्यतेच्या प्रकरणात, एचआयव्ही चाचणीवरील एक सोडवून दाखविलेले उदाहरण आहे. बाधित व्यक्तींपैकी 90 टक्के व्यक्तींचा संसर्ग ही चाचणी ओळखते, 10 टक्के तिच्या नजरेतून सुटतात. निरोगी व्यक्तींपैकी 99 टक्क्यांना ती निरोगी म्हणते, परंतु 1 टक्का निरोगी व्यक्तींना चुकून पॉझिटिव्ह ठरविते. ज्या मोठ्या लोकसंख्येत केवळ 0.1 टक्के लोक बाधित आहेत, तीतून एक व्यक्ती यदृच्छया निवडली, तिची चाचणी केली आणि अहवाल पॉझिटिव्ह आला. ती व्यक्ती खरोखर बाधित असण्याची संभाव्यता किती, असा प्रश्न आहे.

पुस्तकात या उदाहरणाला पर्याय दिलेले नाहीत. प्रवेशपरीक्षेच्या धर्तीवर आपण ते देऊ या: (अ) 0.90, (ब) 0.99, (क) सुमारे 0.083, (ड) 0.0009. हे चार पर्याय वर्गासमोर ठेवले की बहुतेक हात (अ) या पर्यायासाठी वर येतात. तो पर्याय चुकीचा आहे. तो का चुकतो, हे समजून घेणे विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांइतकेच कला शाखेच्या विद्यार्थ्यांना आणि आपल्या पालकांनाही आवश्यक आहे, असे आमचे मत आहे. त्यासाठी सूत्र पाठ असण्याची गरज नाही. आपल्या मराठीतील ‘पैकी’ हा एक साधा शब्द जपून वाचला तरी पुरेसे होते.

प्रथम उत्तर काढू. एक लाख लोकांची वस्ती कल्पावी. तीत 0.1 टक्के, म्हणजे हजारी एक, या हिशेबाने 100 लोक बाधित आणि 99,900 निरोगी असतील. 100 बाधितांपैकी 90 जणांची चाचणी पॉझिटिव्ह येईल. 99,900 निरोगी लोकांपैकी 1 टक्का, म्हणजे 999 जणांचीही चाचणी पॉझिटिव्ह येईल. म्हणजे एकूण पॉझिटिव्ह अहवाल 1,089 आणि त्यांपैकी खरोखर बाधित केवळ 90. भागाकार केला असता 0.083 येतो. दुसऱ्या शब्दांत, पॉझिटिव्ह अहवाल हाती आलेल्या दर बारा माणसांत सुमारे एकच बाधित आहे. म्हणून पर्याय (क) बरोबर.

आता (अ) या पर्यायाकडे वळू. प्रश्नात ‘बाधितांपैकी 90 टक्के पॉझिटिव्ह’ असे दिले आहे. वाचणाऱ्याने त्याचे ‘पॉझिटिव्हपैकी 90 टक्के बाधित’ असे केले. शब्द तेच राहिले, आकडाही तोच राहिला, फक्त ‘पैकी’ची जागा बदलली. गणिताच्या भाषेत यालाच अट उलटी करणे म्हणतात. पहिल्या वाक्यात अट आहे ‘माणूस बाधित असेल तर’, दुसऱ्यात ‘अहवाल पॉझिटिव्ह असेल तर’. दोन्ही अपूर्णांकांचा अंश एकच आहे, 90. छेद मात्र भिन्न आहेत. पहिल्याचा छेद 100 बाधित माणसे, दुसऱ्याचा छेद 1,089 पॉझिटिव्ह माणसे. (अ) हे उत्तर खोटे नाही. ते न विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. प्रश्नपत्रिका काढणारा तो पर्याय मुद्दाम ठेवतो, तो याचसाठी.

(ब) या पर्यायातही हीच उलटापालट आहे. निरोगी लोकांपैकी 1 टक्का पॉझिटिव्ह येतात, त्यावरून पॉझिटिव्हपैकी 1 टक्काच निरोगी, म्हणून 99 टक्के बाधित, असा तो तर्क आहे. (ड) ची चूक निराळी आहे. तेथे 90 ला एक लाखाने भागले आहे. वस्तीतील कोणीही माणूस बाधितही असेल आणि पॉझिटिव्हही येईल याची ती संभाव्यता आहे. परंतु अहवाल पॉझिटिव्ह आला, हे आपल्याला आधीच कळलेले असल्यामुळे संपूर्ण वस्ती छेदात राहू शकत नाही.

ही उलटापालट किती विचित्र आहे, हे आपल्या परिसरातील उदाहरणाने लगेच उमगेल. कळसूबाई शिखराच्या पायथ्याशी बारी हे गाव आहे. समजा, बारीच्या रहिवाशांपैकी 90 टक्के लोक कधी ना कधी शिखरावर जाऊन आलेले आहेत. म्हणून शिखरावर भेटणाऱ्या लोकांपैकी 90 टक्के बारीचे, असे आपण म्हणू काय? मुळीच नाही. मुंबई, पुणे आणि नाशिकहून येणाऱ्यांची गर्दी आपल्या डोळ्यांपुढे असते. आरोग्य चाचणीच्या प्रश्नात मात्र बाहेरची ही गर्दी दिसत नाही. 99,900 निरोगी माणसे प्रश्नात ‘0.1 टक्के’ या लहानशा आकड्यामागे उभी असतात. त्यांच्यातील एक टक्का म्हणजे जवळपास हजार माणसे होतात, हे ध्यानात येत नाही.

हा घोटाळा केवळ विद्यार्थ्यांचा होतो असेही नाही. 1978 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांतील 60 डॉक्टर व विद्यार्थ्यांना असाच प्रश्न विचारण्यात आला. रोग हजारात एकाला, आणि निरोगी लोकांपैकी 5 टक्के चुकून पॉझिटिव्ह. उत्तर सुमारे 2 टक्के येते. ते केवळ 11 जणांनी दिले आणि सर्वाधिक लोकांनी 95 टक्के हे उत्तर दिले.

सुशिक्षितांच्याही हातून ही चूक वर्षानुवर्षे का निसटते, याचे एक कारण असे की उलटे केलेले उत्तर कधी कधी बरोबरही येते. तीच चाचणी 1,100 लोकांच्या अशा गटात करून पाहा, ज्यात 100 बाधित आणि 1,000 निरोगी आहेत. बाधितांपैकी 90 पॉझिटिव्ह, निरोगी लोकांपैकी 10 पॉझिटिव्ह, एकूण 100. त्यांपैकी 90 बाधित, म्हणजे नेमके 90 टक्के. येथे अट उलटविली तरी आकडा बदलला नाही, कारण बाधितांची संख्या आणि पॉझिटिव्ह आलेल्यांची संख्या योगायोगाने समान, म्हणजे 100 च झाली. दोन्ही छेद समान असतील तेव्हाच उलटे विधान खरे ठरते. रोग दुर्मीळ असला की ते छेद एकमेकांपासून दूर जातात. म्हणून ‘ही चाचणी 90 टक्के अचूक आहे’ हे वाक्य अपुरे आहे. त्यात ‘पैकी’ नाही. ती कोणत्या लोकांत केली, हे कळल्याशिवाय पॉझिटिव्ह अहवालाचा अर्थ लावता येत नाही. इतिहासाचा अभ्यासक जसा साधन कोठून आले हे विचारल्यावाचून ते स्वीकारत नाही, तसेच हे आहे.

येथे दोन मर्यादा सांगणे आवश्यक आहे. पहिली, पाठ्यपुस्तकातील आकडे शिकविण्यासाठी घेतलेले आहेत. आज वापरल्या जाणाऱ्या एचआयव्ही चाचण्या त्याहून पुष्कळ अचूक आहेत. दुसरी, हा हिशेब यदृच्छया निवडलेल्या व्यक्तीचा आहे. ज्याला लक्षणे आहेत किंवा ज्याच्या घरात तो आजार आहे, तो माणूस हजारात एक असलेल्या गटातला राहत नाही. त्याचा पूर्वगट निराळा, म्हणून त्याचे उत्तरही निराळे. शिवाय, पॉझिटिव्ह अहवाल निरर्थक असतो असा निष्कर्ष कोणी काढू नये. चाचणीपूर्वी शक्यता 0.1 टक्के होती, नंतर ती 8.3 टक्के झाली. ती सुमारे 83 पटींनी वाढली. पुढची तपासणी करण्यास एवढे कारण पुरेसे आहे. मात्र निदान जाहीर करण्यास ते पुरेसे नाही.

पुढची तपासणी नेमके काय करते, तेही पाहू. वरील 1,089 जणांची तितक्याच अचूकतेची, परंतु वेगळ्या पद्धतीची दुसरी चाचणी केली तर 90 बाधितांपैकी 81 आणि 999 निरोगी लोकांपैकी सुमारे 10 जण पुन्हा पॉझिटिव्ह येतील. आता 91 पैकी 81, म्हणजे 89 टक्के. पद्धत वेगळी असणे महत्त्वाचे, कारण पहिल्या चाचणीला फसविणारा रक्तातील घटक तीच चाचणी पुन्हा केल्यास पुन्हा फसवू शकतो. आपल्या देशात प्रौढांमधील एचआयव्हीचे प्रमाण सुमारे 0.2 टक्के आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या नियमानुसार लक्षणे नसलेल्या व्यक्तीला बाधित ठरविण्यापूर्वी तीन वेगवेगळ्या चाचण्या पॉझिटिव्ह याव्या लागतात. अचूक चाचणीनंतरही ही खबरदारी का, याचे उत्तर वरच्या भागाकारातच आहे.

आमच्या समाजबांधवांना हा विषय आणखी जवळचा आहे तो सिकलसेलमुळे. विदर्भातील अनुसूचित जाती व आदिवासी समूहांत हा आनुवंशिक आजार परिचित आहे. जुलै 2023 पासून केंद्र शासनाच्या मोहिमेखाली देशभर त्याची तपासणी सुरू आहे. शिबिरात बहुधा प्रथम केली जाते ती सोल्युबिलिटी चाचणी. नळीतील द्रावण गढूळ झाले की ती पॉझिटिव्ह. परंतु ही चाचणी केवळ वाहक असलेली व्यक्ती आणि प्रत्यक्ष रुग्ण यांत भेद करू शकत नाही. रक्तात स्निग्ध पदार्थ वाढलेले असले तरीही द्रावण गढूळ दिसू शकते. म्हणून इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या तपासणीने खात्री करावी लागते. ज्या समूहात सिकलसेल पुष्कळ आहे तेथील गढूळ नळी आणि ज्या समूहात तो क्वचित आढळतो तेथील गढूळ नळी दिसायला सारखीच असते. तिचा अर्थ मात्र सारखा नसतो. या भेदाकडे दुर्लक्ष झाले तर एका अर्धवट अहवालावरून मुलीचे ठरलेले लग्न मोडू शकते, वसतिगृहातील मुलाला वेगळे बसविले जाऊ शकते. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या शिक्का सोसला, त्याने हा नवा शिक्का हिशेब न मांडता स्वीकारू नये.

म्हणून आमची सूचना अशी की, बेजचे प्रमेय शिकविण्यापूर्वी, आणि जेथे ते शिकविले जात नाही तेथेही, नववी-दहावीच्या वर्गात हे उदाहरण एक लाख माणसांची वस्ती कल्पून मोजून घ्यावे. विद्यार्थ्याने प्रथम दिलेल्या प्रत्येक टक्क्यापुढे ‘कोणापैकी’ हे लिहावे, मग विचारलेल्या टक्क्यापुढेही ते लिहावे. दोन्ही ठिकाणचे शब्द जुळले नाहीत, तर दिलेला आकडा उत्तर म्हणून उचलता येत नाही, हे त्याला आपोआप दिसेल. शाळेत तपासणी शिबिर झाल्यावर पालकांना जी चिठ्ठी जाते, तीवरही नुसते ‘पॉझिटिव्ह’ न लिहिता ‘प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह, खात्रीची तपासणी बाकी’ असे लिहावे. पालकांनीही ती तपासणी होईपर्यंत थांबावे, परंतु ती टाळू नये.