मुरघासाचा खड्डा : घनफूट मोजा, पण जनावरांच्या दावणीपासून

२०१९ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. त्यानंतर मुरघासाकडे अनेकांचे लक्ष गेले. पण खड्डा भरूनही मे महिन्यात वैरण संपली, अशी तक्रार अजून ऐकू येते. दोष मक्याचा नसतो, तो बहुतेक वेळा हिशेबाचा असतो. आपण आधी खड्डा खणतो आणि मग त्यात किती माल बसेल ते विचारतो. शेतकरी बंधूंनो, हिशेब उलटा करा.

समजा, तुमच्याकडे चार दुभत्या गाई आहेत. प्रत्येकीला रोज २० किलो मुरघास द्यायचा आहे. फेब्रुवारी ते मे असे १२० दिवस धरले तर रोज ८० किलोप्रमाणे ९६०० किलो लागतील. कडेचा, वरचा मिळून दहावा हिस्सा खराब होणार असे धरा. म्हणजे खड्ड्यात सुमारे १०,७०० किलो माल हवा.

आता मोजमाप. भिंती ढासळू नयेत म्हणून खड्डा वर रुंद आणि तळाला अरुंद ठेवतात. वर ७ फूट, तळाला ५ फूट असेल तर सरासरी रुंदी ६ फूट. खोली ५ फूट आणि लांबी २५ फूट असेल तर ६ × ५ × २५ म्हणजे ७५० घनफूट. पुष्कळ जण वरची रुंदीच धरतात आणि ८७५ घनफूट लिहून मोकळे होतात. इथेच १२५ घनफुटांची चूक होते. खड्ड्याची नोंद करणाऱ्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही तळाला टेप लावल्याशिवाय आकडा लिहू नये.

घनफूट कळले, पण एका घनफुटात किती किलो? ट्रॅक्टर फिरवून थर चांगले दाबले तर सुमारे १५ किलो. माणसांनी पायांनी तुडवले तर १२ किलो धरावेत. म्हणजे त्याच ७५० घनफुटांत एकदा ११,२५० किलो बसतील, तर एकदा ९००० किलोच! दहावा हिस्सा वजा केला तर पहिला माल १२६ दिवस पुरतो आणि दुसरा १०१ दिवस. मेचे शेवटचे तीन आठवडे उडाले, ते असे.

मग ट्रॅक्टर फिरवला की झाले? नाही. दुसरी अडचण काढताना येते. उघड्या तोंडाला हवा लागते, मुरघास गरम होतो, बुरशी धरतो. म्हणून पूर्ण तोंडावरून रोज निदान चार-पाच इंचांचा काप निघाला पाहिजे. या खड्ड्याचे तोंड ६ × ५ म्हणजे ३० चौरस फूट. एक फुटाच्या कापात ४५० किलो निघतात. तुम्हाला हवेत ८० किलो, म्हणजे काप जेमतेम दोन इंचांचा. चार गाईंना हे तोंड फार मोठे. वास मुरवलेल्या फळासारखा आंबट न येता कुबट आला, हात घातल्यावर ऊब लागली, तर समजा काप कमी पडतोय.

यावर उपाय अरुंद खड्डा. सरासरी रुंदी ४ फूट, खोली ४ फूट. यात ट्रॅक्टर जाणार नाही, तेव्हा १२ किलोचाच हिशेब धरायचा. १०,७०० ला १२ ने भागा, सुमारे ८९० घनफूट येतात. तोंड १६ चौरस फुटांचे, तेव्हा लांबी साधारण ५६ फूट. एकच लांब खड्डा नको, २८ फुटांचे दोन करा. एक खाताना दुसरा बंद राहतो. एक फुटाच्या कापात १९२ किलो, म्हणजे रोज पाच इंचांचा काप. हिशेब जुळला.

भरताना सहा-सहा इंचांचा थर घालून कडा जास्त तुडवा, हवा तिथेच अडकते. माल खाली बसतो, म्हणून काठाच्या वर फूटभर उंच भरा, मात्र तो फूट हिशेबात धरू नका. कुट्टी मुठीत दाबून बघा. पाणी ठिबकले तर मका ओला आहे, एक-दोन दिवस थांबा. गोळा होऊन हळूहळू सुटला तर ठीक.

हे १२ की १५, हे दुसऱ्याच्या सांगण्यावर ठेवू नका. भरताना प्रत्येक ट्रॉली वजनकाट्यावर नेऊन आणा आणि एकूण किलोला खड्ड्याच्या घनफुटांनी भागा. आलेला आकडा तुमच्या खड्ड्याचा खरा आकडा. तो १२ च्या खाली आला तर पुढच्या वर्षी तुडवण्याला आणखी दोन माणसे लावा, आणि या वर्षी गाईंची रोजची वैरण आतापासूनच बेताने धरा. मे महिन्यात पावशेर-पावशेर मोजण्यापेक्षा ते बरे.