आल्यागेल्याला कळेल अशी कोटी

चहाच्या टपरीवर लिहिलेली कोटी तीन सेकंदांत कळली पाहिजे. हा आकडा मी रस्त्यावरून काढला आहे. खरवईतल्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओळखीच्या एका टपरीसाठी पाटीवरची ओळ सुचवायची होती. समोरून शेअर रिक्षा ताशी तीसेक किलोमीटरने जातात, म्हणजे सेकंदाला साधारण आठ मीटर. पाटी ऐंशी फुटांवरून वाचता येत असेल, तर रिक्षा तिच्यापुढून निघून जायला तीन सेकंद लागतात. एवढ्या वेळात माणसाने ओळ वाचायची, समजून घ्यायची आणि रिक्षा थांबवायची की नाही हेही ठरवायचं.

अक्षर एक इंच उंच असेल तर ते साधारण दहा फुटांवरून सहज वाचता येतं, हा फलकांच्या कामातला ढोबळ हिशेब आहे. ऐंशी फुटांसाठी आठ इंची अक्षर लागतं. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून प्रत्येक ओळीला आणखी चारेक इंच सोडावे लागतात. आठ फूट लांब आणि तीन फूट उंच फ्लेक्सवर अशा दोनच ओळी बसतात आणि एका ओळीत बारा-तेरा अक्षरं. उरलेल्या फूटभर जागेत टपरीचं नाव आणि कटिंगचा भाव. कोटी किती खोल करायची हे इथेच निम्मं ठरून जातं.

टपरीवाल्या भाऊंचं मागणं साधं होतं. "दादा, नुसतं 'चहा-नाश्ता' नको. माणूस हसला पाहिजे आणि उतरला पाहिजे." त्यातलं दुसरं काम पहिल्यापेक्षा महत्त्वाचं आहे, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं.

मराठीत चहाभोवती कोट्या करायला भरपूर वाव आहे. सगळ्यात हाताशी येणारा शब्द 'आलं'. एक अर्थ चहात घालायच्या आल्याचा, दुसरा येण्याचा. 'आल्याशिवाय चहा नाही' ही ओळ मला फार आवडली होती. तुम्ही आल्याशिवाय चहा नाही आणि आलं घातल्याशिवायही चहा नाही. चार शब्द सोडाच, तीनच शब्द, आणि दोन्ही अर्थ पूर्ण. व्याकरणात ज्याला श्लेष म्हणतात त्याचं हे नेटकं उदाहरण आहे. पण ओळ कागदावर लिहून टपरीवर दाखवली तेव्हा नेहमीच्या एका गिऱ्हाईकाने विचारलं, "म्हणजे आता बिनआल्याचा मिळणार नाही का? मला आलं चालत नाही." पित्ताचा त्रास असलेली, कमी मसाल्याचा चहा मागणारी माणसं रोज येतात. त्यांना ही ओळ दारावरच परत पाठवत होती. कोटी त्यांना कळली होती, उलट तिचा एक अर्थ जरा जास्तच नीट कळला होता. ओळ दुर्बोध असते तशी चुकीची सुबोधही असते, हे त्या प्रश्नाने दाखवून दिलं.

दुसरी ओळ होती 'इथे रोज उकळ्या फुटतात'. आनंदाच्या उकळ्या फुटणं हा वाक्प्रचार सगळ्यांच्या तोंडी असतो आणि चहाला उकळी तर येतेच. ज्याला वाक्प्रचार आठवणार नाही त्यालाही भांडं दिसतं. ती नाकारली भाऊंनी. "दुधाच्या धंद्यात 'फुटणं' लिहू नका." नासलेल्या दुधाला लोक 'दूध फुटलं' म्हणतात, ते माझ्या ध्यानातच आलं नसतं. खाण्यापिण्याच्या पाटीवर शब्दाचे आपल्याला हवे असलेले दोनच अर्थ येत नाहीत. त्याचे इतर नातेवाईक अर्थही मागोमाग येतात, आणि त्यांतला एखादा चव घालवू शकतो. 'गाळीव' या शब्दाचंही तसंच. पु. ल. देशपांड्यांनी 'मराठी वाङ्मयाचा (गाळीव) इतिहास' असं पुस्तकाला नाव दिलं आणि ते शोभलं, कारण पुस्तक हातात घेतलेल्या वाचकाला कंसातल्या शब्दापाशी थांबायला वेळ असतो. टपरीच्या पाटीवर 'गाळीव' वाचणाऱ्याला आधी गाळ आठवतो.

आता खरोखर दुर्बोध झालेली ओळ सांगतो, कारण कोटी नेमकी कुठे हातातून निसटते हे तिच्यात स्वच्छ दिसतं. 'हवा चहा' ही चार अक्षरं घ्या. ह, वा, च, हा. तीच अक्षरं त्याच क्रमाने ठेवून फक्त मधली जागा सरकवली की 'हवाच हा' होतं. मला चहा हवा, आणि हाच हवा. शब्द फोडून दुसरा अर्थ काढायचा, हा सभंग श्लेष. कागदावर तो जुळला याचा मला मनापासून आनंद झाला. पण ही कोटी फक्त डोळ्यांची आहे. मराठीत 'च' दोन तऱ्हेने उच्चारतात. 'चहा'तला च 'चार'मधल्यासारखा, 'हवाच'मधला च 'चटका'मधल्यासारखा. लिहिताना दोन्हींसाठी एकच अक्षर, म्हणून पाटीवर जुळतं. पण माणूस मनातल्या मनात वाचतो तेव्हा त्याच्या कानाला दोन वेगळे आवाज येतात आणि कोटी मिटून जाते. त्यात फ्लेक्सवाला ओळ बसवताना शब्दांमधली जागा कमीजास्त करतो. जागा हलली की दोनांपैकी एकच वाचन उरतं. 'हवाच हा' एवढंच दिसलं तर माणूस विचारतो, हा म्हणजे कोण? पाटीवर चहा हा शब्दच त्याला सापडत नाही.

अशा ओळीची परीक्षा सोपी आहे. ओळ मोठ्या अक्षरांत कागदावर लिहावी, समोरच्याला तीन सेकंद दाखवून उलटी ठेवावी आणि विचारावं, "इथे काय मिळतं?" 'कळलं का?' असं विचारू नये. भिडेखातर माणूस हो म्हणतो. उत्तरात चहा आला तर ओळ जगली. माणूस कागद पुन्हा उलटा करून बघायला लागला, "म्हणजे?" म्हणाला किंवा समजावून सांगितल्यावरच हसला, तर ती ओळ रस्त्यावर लावू नये. आणि ही परीक्षा आपल्यासारख्याच माणसावर घेऊन उपयोग नसतो. खरवईच्या त्या टपरीवर पाळी सुटल्यावर कारखान्यांतले कामगार येतात, त्यांत बरेच हिंदी बोलणारे. इथले मूळ गावकरी येतात, बदलापूर स्टेशनच्या फेऱ्या मारणारे रिक्षावाले येतात, इंग्रजी शाळेत शिकणारी मुलं बन मस्का खायला येतात. हिंदी बोलणाऱ्याची अडचण वेगळीच. देवनागरी असल्यामुळे त्याला अक्षर न् अक्षर वाचता येतं, पण 'आलं' म्हणजे अदरक हे ठाऊक नसलं तर वाचूनही हाती काही लागत नाही. लिपी सारखी असल्याने आपल्याला वाटतं की त्याला कळलं. त्याला विचारल्याशिवाय खरं समजत नाही.

'दाढी शेजारी, कटिंग इथे' ही ओळ सगळ्यांना लगेच कळली. शेजारी केशकर्तनालय आहे, 'दाढी' आणि 'कटिंग' हे शब्द दोन्ही भाषांत चालतात, आणि दुकान डोळ्यांसमोर असल्याने कोटीचा अर्धा भार ते दुकानच उचलतं. तिची मर्यादाही तिथेच आहे. शेजारचं दुकान हललं की ओळ त्याच दिवशी मेली. भाड्याच्या गाळ्यांच्या रांगेत एवढा भरवसा ठेवून फ्लेक्स छापू नये. अमूलच्या फलकांवर 1960च्या दशकापासून ताज्या घडामोडींवरच्या कोट्या चालत आल्या आहेत, त्या चालतात याचं कारण शेजारी चित्र असतं, फलक बदलत राहतो आणि लोणी कोणाचं हे सांगायची गरज नसते. एक पाटी वर्षानुवर्षं लावणाऱ्या टपरीला यांतलं फक्त चित्र उसनं घेता येतं.

ते घेतलं. शेवटी पाटीवर ओळ आली ती अशी: 'आल्यागेल्याला आल्याचा चहा'. दहा अक्षरं, एका ओळीत मावणारी. आल्यागेल्याला चहा विचारायची आपल्या घरांतली रीत तिच्यात आहे, आणि आलंही आहे. ज्याला कोटी लागली नाही त्यालाही आल्याचा चहा मिळतो एवढं कळतंच. बिनआल्याचा मागणाऱ्याला ती अडवत नाही. बाजूला आल्याचा एक मोठा तुकडा रंगवला, म्हणजे हिंदी वाचणाऱ्याचा प्रश्न सुटला. खाली 'बिनआल्याचाही मिळेल' अशी लहान ओळ भाऊंनी स्वतः घालायला लावली. तिच्यात कोटी नाही, पण गिऱ्हाईक राखायचं काम ती चोख करते.

मग अवघड कोट्यांचं काय करायचं? त्या फेकून द्याव्यात असं मला वाटत नाही. टपरीच्या आत, बाकाच्या वरच्या भिंतीवर एक लहान फळा लावला. ग्लास हातात घेतलेल्या माणसाकडे चार-पाच मिनिटं असतात, चहा गरम असला तर जास्तच. तिथे खडूने 'हवाच हा' लिहिलं तर तो अक्षरं मागेपुढे करून बघतो. 'चहाडी नको, चहा घ्या' लिहिलं तर चुगली हा शब्द माहीत असलेली मुलं शेजारच्या आजोबांना चहाडीचा अर्थ विचारतात. 'मित्र उगवायच्या आधी चहा तयार' लिहिलं तर मित्र म्हणजे सूर्यसुद्धा, हे शाळेत श्लेष शिकलेला कोणीतरी सांगतो. रस्त्यावर हेच शब्द वाया गेले असते. फळ्यावर मात्र ते समजावून सांगणं हाच गप्पांचा विषय होतो, आणि लोक रुळले की पुसून दुसरी ओळ लिहिता येते. म्हणजे तोच शब्द एका ठिकाणी दुर्बोध असतो आणि दहा फूट आत रंगत आणतो. वाचणाऱ्याकडे किती वेळ आहे, यावर ते ठरतं.

तेव्हा तुमच्या नाक्यावर कोणी पाटीसाठी ओळ मागायला आलं तर आधी कोटी बाजूला काढून बघा. दुसरा अर्थ झाकला तरी पहिल्या अर्थात माल कळतो का? कळत असेल तरच ती बाहेर लावा. कळत नसेल आणि तरी सोडवत नसेल, तर एक फळा आणि खडू विकत घ्या. गल्लीतल्या टपरीची पाटी आपली हुशारी दाखवायची जागा नाही, कोणाच्या तरी रोजच्या मिळकतीची ती जागा आहे. मराठीतली कोटी तिथे टिकायची असेल तर ती आधी चहा विकणारी असली पाहिजे.